अमावास्येपर्यंतची मुदत

नोटीस आली तेव्हा मी भाकरी थापत होतो. थापत होतो म्हणजे परातीत पीठ उधळत होतो. तोवर तिसरी भाकरी काठाला चिरली होती, आणि आमच्या सौ. आतल्या खोलीतल्या खाटेवरून सूचना देत होत्या, "पाणी गरम घ्या, अहो, गरम." तेवढ्यात मालकांच्या दुकानातला गडी दारात आला. हाताला पीठ असताना मी त्याच्याकडून लखोटा घेतला आणि पोचीच्या कागदावर सही केली. त्या सहीवर पिठाचा अंगठाही उमटला.

कागद वकिलाचा होता. आमच्या मालकांच्या 'सूचनेवरून व त्यांच्या वतीने' लिहिलेला. तीन खोल्यांची जागा मालकांस स्वतःच्या कुटुंबाकरिता हवी आहे, सबब भाडेकरू यांनी एकतीस जुलैअखेर जागा खाली करून कब्जा द्यावा, न दिल्यास खर्चासह दावा करण्यात येईल, वगैरे. त्या दिवशी जूनची पहिली तारीख होती.

मी तेव्हा सोलापुरात म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. पेठेतल्या एका धान्याच्या दुकानामागे तीन खोल्या, एक न्हाणी आणि हातभर अंगण, एवढं आमचं राज्य. पुढे दुकान आणि मालकांचं बिऱ्हाड, मागे आम्ही. पाच वर्षं झाली होती. घर काही देखणं नव्हतं. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नसे. पण सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर उठायचं, अंगणात शेंगा भाजल्याचा वास, दुकानात पोती उतरताना गड्यांची कानडी-मराठी मिसळलेली बाचाबाची, हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की आज एवढ्या वर्षांनीही कुठे जोंधळ्याचं पोतं उसवलं की मी त्या अंगणात जाऊन पोचतो. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं घर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्याच घराचं नाव घेईन, आणि माझी मुलं हसतील.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. आमच्या सौभाग्यवतींचे दोन वेळा दिवस जाऊन वाया गेले होते. ही तिसरी खेप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "बाळंतपण ऑगस्टच्या अखेरीस किंवा त्यानंतर आठवड्यानं. तोवर खाटेवरून उतरवायचं नाही. बैलगाडी नाही, टांगा नाही, जिना तर नाहीच." तिला आई नव्हती. माहेरी सावत्र आई होती, आणि तिथे पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून मी शाळेआधी भाकऱ्या बिघडवीत होतो आणि शाळेनंतर भांडी घासत होतो. एकतीस जुलैला तिला कुठे आणि कशात घालून न्यायचं?

माझा स्वभाव तापट. आजही आहे, आता फक्त ताप टिकत नाही. मी नोटीस तीनदा वाचली, चौथ्यांदा वाचताना ओरडलो, "कृतघ्न माणसं! पाच वर्षं वेळेवर भाडं दिलं, एक खिळा भिंतीला विचारल्याशिवाय मारला नाही!" खाटेवरून शांतपणे प्रश्न आला, "कृतघ्न कसे? भाडं घेऊन त्यांनी खोल्या दिल्या की. फुकट नाही दिल्या, पण दिल्या तर." मग मात्र मी भाकरी करपवली.

त्या आठवड्यात शाळा सुटली की मी जागा शोधत हिंडलो. मी हिशेबी माणूस. बोटांवर मोजून पाहिलं होतं, जून आणि जुलै, दोन महिने पुरते. भाडेचिठ्ठीतही दोन महिन्यांची बोली होती हे मला आठवत होतं. म्हणजे नोटीस बरोबर. मग भांडायचं कशावर? दोन जागा मिळाल्या, दोन्ही माडीवर, आणि एकीचा जिना तर शिडीच होती. तिसरी तळमजल्यावर होती, पण तिच्या मालकाला बाळंतपणाचं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग बाळंतपण आटपल्यावर या की."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दमून भिंतीशी बसलो होतो. खाटेवर पडल्यापडल्या हिचा वेळ पंचांगात जायचा. दुसरं वाचायला काही नव्हतंच. ती म्हणाली, "एक सांगा, आपण भाडं कोणत्या तारखेला देतो?"

"महिना झाला की."

"महिना म्हणजे कोणता? एक तारखेला देतो का कधी?"

मी विचार केला. मला पगार एक-दोन तारखेला मिळे, पण मालकांना भाडं त्या दिवशी मी कधीच दिलं नव्हतं. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रतिपदेला, आंघोळ करून मालक गादीवर बसले की मी जाऊन देत असे. पाच वर्षं. इंग्रजी महिन्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"आणि अधिक श्रावण आला होता त्या वर्षी?" ती म्हणाली. "तुम्ही भाडं घेऊन गेलात आणि त्यांनी परत पाठवलं. मी त्यातून हा कंदील घेतला. आणि या वर्षी अधिक आषाढ आहे. हे बघा, पंचांगात."

मी कंदिलाकडे पाहिलं. माझ्या सगळ्या हिशेबीपणाला हे आठवलं नव्हतं, आणि खाटेवर पडलेल्या बाईला आठवलं होतं. मी उठलो आणि ट्रंकेतून भाडेचिठ्ठीची नक्कल काढली. मूळ चिठ्ठी स्टँपाच्या कागदावर, माझ्या सहीची, मालकांपाशी होती. तशीच पद्धत असायची, चिठ्ठी लिहून द्यायची भाडेकरूने आणि ठेवायची मालकाने. पण मी मास्तर. सही करायच्या आधी सगळी चिठ्ठी मी माझ्या वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतली होती, आणि खाली मालकांचीही सही घेतली होती. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मास्तर, माझी बी परीक्षा घेताय व्हय?"

कंदील जवळ घेऊन मी वाचलं. त्यात असं होतं: भाडे दरमहा. महिना शुद्ध प्रतिपदेपासून वद्य अमावास्येपर्यंत समजावा. अधिक मास आल्यास त्याचे भाडे घेणे नाही व तो महिना कोणत्याही मुदतीत धरणे नाही. जागा खाली करवून घेणे अगर खाली करून देणे झाल्यास पुरे दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी व ती मुदत अमावास्येस पुरी व्हावी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध वकीलसाहेब राहत. कोर्टात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण अडकित्ता आणि कायदा दोन्ही हाताशी असत. त्यांच्या नातवाला मी गणित शिकवत असे, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी तिकडे गेलो. मी नोटीस पुढे केली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"चिठ्ठी कुठंय?"

"नोटीस आधी वाचा ना, वकीलसाहेब. दाव्याची धमकी आहे."

"मास्तर, तुम्ही गणित शिकवता. उत्तर आधी वाचून गणित तपासता का? नोटीस एकटी वाचायची नाही. ती कशावरून निघाली ते आधी वाचायचं."

मी चिठ्ठीची नक्कल दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि मग नोटीस घेतली. त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते नोटीस कुणी दिली. मालकांच्या वतीने वकिलाने दिली आहे, ठीक. दुसरं, कुणाला दिली. चिठ्ठी ज्याने लिहून दिली त्यालाच, म्हणजे मला, ठीक. तिसरं, लेखी आहे का. आहे. मग त्यांनी विचारलं, "हातात कधी पडली?"

"नोटिशीवर तारीख आहे ती..."

"कागदावरची तारीख विचारत नाही. हातात कधी पडली? मुदत तुमच्या हातात पडल्यापासून सुरू होते, वकिलाच्या टेबलावरून नाही."

मी पिठाच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मग पंचांग मागवलं आणि बोट ठेवून मोजू लागले. नोटीस ज्येष्ठाच्या वद्य पक्षात आली, म्हणजे ज्येष्ठ तर अर्धा गेलेला, तो पुरा महिना नव्हे. पुढचा अधिक आषाढ, चिठ्ठीप्रमाणे तो मुदतीत धरायचाच नाही. मग निज आषाढ, एक. श्रावण, दोन. "श्रावण वद्य अमावास्या. पिठोरी. त्याआधी तुम्हाला कुणी उठवू शकत नाही. आणि यांनी लिहिलंय एकतीस जुलै, म्हणजे निज आषाढाच्या ऐन मध्यावर. नोटिशीचा शेवट महिन्याच्या शेवटाशी जुळलाच नाही."

मी विचारलं, चिठ्ठीत हे काही नसतं तर? ते म्हणाले, "तर कायद्याप्रमाणे राहत्या घराला पंधरा दिवस पुरले असते. मात्र तेही भाड्याच्या महिन्याच्या शेवटी संपायला हवेत. पण दोघांनी लिहून ठरवलं असेल तर ठरवलेलं आधी. तुमच्या मालकाने वकिलाला चिठ्ठी दाखवलीच नसणार. तोंडी सांगितलं असेल, दोन महिने. आणि वकिलाच्या भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर."

नंतर त्यांनी मला उत्तर लिहायला लावलं. शिव्या नाहीत, उपकार नाहीत, पाच वर्षांचं पुराण नाही. नोटीस अमुक दिवशी पोचली, चिठ्ठीतील अटीप्रमाणे मुदत श्रावण वद्य अमावास्येस पुरी होते, त्या दिवशी जागा खाली करून देईन. मी मध्येच एक झणझणीत वाक्य घातलं होतं. त्यांनी ते खोडलं. "भाडं मात्र चुकवू नका. निज आषाढाचं भाडं वेळेवर द्या, पावती घ्या, नाहीच घेतलं तर मनीऑर्डर करा. अटीवर बोट ठेवणाऱ्याने स्वतः अट मोडायची नाही. आणि अमावास्या म्हणजे अमावास्या. त्या दिवशी तुम्हीही रडत बसायचं नाही."

मी छाती काढून म्हणालो, "छे हो, मी शब्दाचा पक्का."

संध्याकाळी उत्तर आणि नक्कल घेऊन मी दुकानात गेलो. मालक गादीवर होते. ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे, कपाळावर गंध, कानाने थोडे जड. त्यांचे चिरंजीव, धाकटे मालक, शेजारी वजनाच्या काट्यापाशी उभे. नोटीस धाकट्यांनी पाठवली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मी उत्तर वाचून दाखवलं. माझा आवाज वर्गातला होता. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली.

धाकटे मालक म्हणाले, "मास्तर, हे काय काढलंय? सगळं जग जून-जुलै म्हणतंय, तुमी आषाढ-श्रावण घेऊन बसलाय. आन् धोंड्याचा महिना काय महिना न्हाय व्हय? तीस दिस त्येला बी असतात की."

"चिठ्ठी बघा," मी म्हणालो.

म्हाताऱ्या मालकांनी हात वर केला. उठून आत गेले, आणि लाल फडक्यात बांधलेले कागद घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी मूळ चिठ्ठी काढली आणि ओठ हलवत वाचली. बराच वेळ लागला. दुकानात पोती हलवणारे गडीसुद्धा थांबले होते.

"हे माजंच हाय," ते म्हणाले. "लिवणाऱ्याला मीच सांगिटलं हुतं. धोंड्याच्या महिन्यात द्यावं, घिऊ न्हाय. आमच्या वडलांपासनं चालत आलंय."

"अप्पा, पर कोर्टात..."

"कोर्टाचं कोर्टाला. देवाम्होरं लिवून घेतलंय. मास्तर म्हणत्यात ते बरुबर हाय."

"आन् मग ताईला कुटं..." धाकटे मालक बोलू लागले.

"गप." म्हातारा एवढंच म्हणाला. पुन्हा माझ्याकडे वळून, "पिठोरी अमावास्या. बरं. त्या दिशी चावी द्या." त्यांनी नोटिशीच्या माझ्या प्रतीवरची इंग्रजी तारीख खोडली, वर मोडीत अमावास्येचा दिवस घातला आणि सही केली.

ताई कोण, तिला कुठे काय, हे मी ऐकलं. चांगलं ऐकलं. पण मी जिंकलो होतो. घरी येऊन मी हिला सगळा प्रसंग अभिनयासकट करून दाखवला. मालकांचा चष्मा, धाकट्याचा चेहरा, माझा आवाज. ती हसता हसता पोट धरून म्हणाली, "पुरे, हसवू नका, डॉक्टरीणबाई रागावतील." त्या दिवशी मला वाटलं, कायदा म्हणजे किती गोड वस्तू आहे!

मालकांची मुलगी दुधनीला दिली होती. अधिक आषाढ लागून चारपाच दिवस झाले असतील, ती आली. दोन मुलं, एक बोचकं. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून अनरसे वाढायचे, वाण द्यायचं, म्हणून पेठेत घरोघरी जावयांची वर्दळ होती. मला वाटलं, हीही त्यासाठीच आली. मग तिचं कपाळ पाहिलं. कुंकू नव्हतं.

वैशाखात नवरा तापाने गेला होता, हे मला दुकानातल्या गड्याकडून कळलं. तेराव्याला मालक दुधनीला गेले, आणि परत आले त्याच आठवड्यात आमची नोटीस निघाली. आमच्या तीन खोल्या तिच्यासाठी हव्या होत्या. पुढच्या दोन खोल्यांत धाकट्यांची बायको, सहा मुलं आणि म्हातारा, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नणंद-भावजयीचं पटत तर अजिबात नव्हतं. जागा नव्हती म्हणून ती तीन आठवडे दुधनीला एका शेजाऱ्याच्या ओसरीवर राहिली होती. आता दुकानावरच्या माळ्यावर, जिथे रिकामी पोती ठेवत, तिथे दोन मुलांना घेऊन राहू लागली. त्या माळ्यावर दुपारी पत्र्याखाली काय होत असेल ते मला ठाऊक होतं, कारण तोच पत्रा पुढे आमच्यावर येत होता.

मला फार लाज वाटली. सरळच सांगतो, इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती. मी मालकांकडे गेलो, गिऱ्हाईक नाही असं पाहून. म्हणालो, "मला सांगायचं होतंत ना. मी माडीवरची का होईना, जागा बघितली असती."

"लेकीचं दुक्क भाडेकऱ्याला सांगून जागा मागायची व्हय?" ते म्हणाले. "आन् तुमची बाई बी हातरुणाला खिळलीया. मला नव्हतं म्हाईत, पोरीनं सांगिटलं. लिवल्यालं हाय ते हाय. जावा, शाळेला उशीर हुईल."

मी अधिक महिन्याचं भाडं पुढे केलं. त्यांनी हातही पुढे केला नाही.

ती बाई तिसऱ्याच दिवशी आमच्या दारात आली. उंच, सावळी, आवाज दमदार. मला वाटलं भांडायला आली. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या भाकरीचा वास वर माळ्यापतूर येतोय. करपल्याला. सरा बाजूला." आणि परात ओढून बसली. त्या दिवसापासून बाळंतपण होईपर्यंत मी भाकरीला हात लावला नाही. शेजारच्या एका बाईंनी हिला सुचवून पाहिलं, पहिल्या बाळाच्या वेळी विधवेची सावली नको. हिने पंचांगातून मान न काढता उत्तर दिलं, "मग भाकऱ्या तुम्ही टाकाल का?"

ते अडीच महिने मला पुन्हा जगायला मिळाले तर मी बाकी बरंच काही देईन. खाटेशेजारी त्या दोघी बोलत बसायच्या, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, तिची दोन मुलं अंगणात पाटीवर बाराखडी गिरवायची, मी वह्या तपासायचो. बाहेर पावसाची एखादी सर येऊन जायची आणि तापलेला पत्रा वाफाळायचा. हसायचा आवाज दुकानापर्यंत जायचा. म्हातारे मालक मधूनच खाकरायचे, रागाने नव्हे, आपण ऐकतोय हे कळवायला. आणि या सगळ्यात मी रोज पंचांगातली पिठोरी अमावास्या पाहायचो. आता ती तारीख मला गोड लागत नव्हती.

मुलगी झाली गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या भोंग्यानंतर थोड्या वेळाने. डॉक्टरीणबाई आल्या तोवर मालकांच्या मुलीने पाणी तापवून, स्वच्छ कपडे काढून ठेवून, सगळी तयारी केली होती. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. दारातून तिनेच सांगितलं, "मास्तर, लेक झाली. दोगी बी बऱ्या हाईत." मी तिथेच पायरीवर बसून रडलो. मुलींनी भरलेल्या माझ्या घराची सुरुवात तिथून झाली.

आठ दिवसांनी अमावास्या. तळमजल्यावरची ती तिसरी जागा, 'बाळंतपण आटपल्यावर या' म्हणालेल्या मालकाची, मी ठरवून ठेवली होती. गाडीवाला सांगितला, तोही आधी नाही म्हणाला होता, अमावास्येला कोण बिऱ्हाड हलवतं म्हणून. बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यायचं ठरवलं. हिचा चेहरा उतरला होता, पण ती म्हणाली, "दिलेला शब्द आहे. आणि ती किती दिवस माळ्यावर राहणार?" मी भांडी बांधली, ट्रंका भरल्या, वहीतली चिठ्ठीची नक्कल आणि नोटीस खिशात घातली, आणि चावी घेऊन माळ्याची शिडी चढलो.

वर ती पोती झटकत होती. मी चावी पुढे धरली.

"ही घ्या. आज मुदत संपली."

"कसली मुदत?"

"चिठ्ठीतली."

"बाळाला किती दिस झाले?"

"आठ."

"मग सव्वा महिना हुईपतूर बाळंतीण उंबरा वलांडत न्हाय. चावी खाली न्या."

"तसं नाही," मी म्हणालो. "ती जागा तुमच्यासाठी होती. आम्हीच अडवून बसलो. चिठ्ठीवर बोट ठेवून मुदत घेतली, आता ती मोडली तर मला तोंड दाखवता येणार नाही. तुमच्या वडिलांनी सही केली आहे."

"अप्पांनी केली. जागा मला पायजे हुती म्हणून केली. आता मीच म्हणतीया, आजून नगं. आनखी महिनाभर मी हितं राहीन, त्यात काय मरत न्हाय." मग तिने हातातलं पोतं खाली टाकलं. "दावा बरं ती चिठ्ठी. एवढं काय लिवलंय त्यात, मला कुणी वाचून दावलं न्हाय."

मी वही उघडली आणि वाचून दाखवली. दरमहा भाडे. महिना प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत. अधिक मास मुदतीत धरणे नाही. पुरे दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी. ती पोत्यावर बसून ऐकत होती. एक मूल येऊन तिच्या मांडीवर बसलं.

"पुन्यांदा वाचा. ते दोन महिन्याचं."

मी पुन्हा वाचलं.

"पुरे दोन महिने," ती म्हणाली. "भाडेकऱ्याला." तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "अकरा वर्सं नांदले मी दुधनीच्या त्या घरात, मास्तर. तेराव्याचं जेवन झालं, पत्रावळी उचलल्या, आन् हात धुवून आले तवर माझी भांडी अंगनात ठिवल्याली. माझ्या घरची चिठ्ठी कुनापाशी हुती?"

मी वही मिटली, आणि चावी घेऊन शिडी उतरलो.